टाचेमागची खाच

शिवानी एका जागी निवांत बसलीय असं सोलापुरातल्या भवानी पेठेत फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. जेवताना पाटावरही तिचा पाय हलत असायचा. फोनवर बोलायला लागली की अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन यायची आणि आपण कुठवर गेलो होतो हे तिचं तिलाच ठाऊक नसायचं. तिची आई सुंदरम्मा, म्हणजे अव्वा, म्हणायची, "हिच्या पायात देवानं हाडं नाहीत घातली, भिंगऱ्या घातल्यात."

गंमत अशी, की पोटासाठी ती काम करायची ते अगदी बसून करायचं. सात रस्त्याजवळच्या एका लॅबमध्ये ती दातांच्या कॅप बनवायची. डॉक्टरांकडून साचा यायचा, त्यावर कॅप बसवून बघायची, बोटानं दाबायची, किंचित जरी डुगडुगली तरी काढून पुन्हा घासायची. डोळ्याला दिसत नाही ती फट तिच्या बोटाला कळायची. सहा वर्षं ती हेच करत होती. आठवडाभर स्टुलावर खिळलेली ही पोरगी शनिवार आला की पाठीला सॅक लावून सह्याद्रीतल्या कुठल्या तरी किल्ल्याच्या वाटेला लागायची. सोलापुरातून निघून किल्ला चढून सोमवारी सकाळी परत स्टुलावर. झोप बसमध्ये.

ट्रेकच्या ग्रुपात अकलूजचे इंद्रजीतसर होते, शाळेत खेळाचे शिक्षक. त्यांनी तरुणपणी हिमाचलात गिर्यारोहणाचा पहिला कोर्स केला होता. त्याच्या गोष्टी ऐकून ऐकून शिवानीनं अर्ज टाकला. महिनाभराचा कोर्स, मे महिन्यातली बॅच. नाव लागलं आणि घरात आग लागली.

कारण त्याच सुमारास विजापूरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, माणसं चांगली, मे महिन्यातच साखरपुडा उरकावा असं त्यांचं म्हणणं. शिवानी म्हणाली, कोर्स करून येते, मग बघू. तिकडच्यांना ते 'मग बघू' रुचलं नाही आणि स्थळ मोडलं. सोमशेखर, म्हणजे तिचे आप्पा, टॉवेल-चादरीचे व्यापारी. दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलून बोलून घसा बसवणारा माणूस, पण त्या दिवसापासून लेकीशी बोलायचे बंद झाले. समोरासमोर जेवायला बसले तरी सुंदरम्माच्या तोंडून बोलायचे.

"हिला विचार, भाकरी वाढू का."

"आप्पांना सांग, नको."

मध्ये बसलेली सुंदरम्मा दोघांकडे बघून म्हणायची, "माझी जीभ काय भाड्यानं लावलीय का?"

असे दोन महिने गेले. निघायच्या आदल्या दिवशी शिवानी कामावरून आली तर तिच्या सॅकेशेजारी एक मोठं खोकं ठेवलेलं. आत बूट. मातकट रंगाचे, जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे, लाल नाड्यांचे. आप्पा व्यापाराच्या कामाला पुण्याला गेले होते, तिथून आणलेले. माप चुकू नये म्हणून तिचा जुना खेळाचा बूट पिशवीत घालून घेऊन गेले होते, हे अव्वानं सांगितलं.

"दुकानदाराला सतरांदा विचारलं म्हणे त्यांनी, बर्फात चालतील ना, बर्फात चालतील ना. त्यो म्हणाला, बिनघोर न्या."

शिवानीनं बूट घातले. चार नंबर, आणि जाड मोज्यावर जसे बसायला हवेत तसे बसले. तिचं पाऊल लहान आणि पुढं पसरट. आजवर एकही बूट पहिल्या फटक्यात तिला असा बसला नव्हता. ती त्या उकाड्यात बूट घालून गच्चीवर गेली, जिन्यावर चढली, उतरली, पुन्हा चढली. आप्पा दुकानातून आले, त्यांनी जिन्यावरचा धाड धाड आवाज ऐकला आणि सरळ पाय धुवायला गेले. पण जाताना हसले होते म्हणे. हेही अव्वानंच सांगितलं.

---

संस्थेच्या आवारात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सामान वाटप होतं. लांब रांग. एकेकाला सॅक, झोपायची पिशवी, बर्फातली कुऱ्हाड, हेल्मेट, आणि बूट. लहान मापाचे बूट मोजकेच उरले होते. शिवानीच्या मागं डोल्मा नावाची स्पितीकडची मुलगी उभी होती, बुटकी, गोल चेहऱ्याची, खेचरांवर सामान लादून वाढलेली. दोघींची ओळख आदल्या दिवशी चहाच्या रांगेत झालेली.

स्टोअरच्या माणसानं शिवानीपुढं चार नंबरचा जोड ठेवला आणि म्हणाला, "याच्यानंतर एकदम साडेपाच. चार एवढाच आहे."

"हिला द्या," शिवानी म्हणाली आणि डोल्माला पुढं केलं. "माझे स्वतःचे आहेत. वडलांनी आणलेत."

ते 'वडलांनी आणलेत' सांगायची काही गरज नव्हती. तरी तिनं ते सांगितलं, आणि सांगताना तिची मान जरा ताठ झाली होती.

तीन-चार दिवसांनी, दगडावरचं चढणं आटपून सगळे वरच्या तळाकडं निघायच्या आधी, नवांगसरांनी प्रत्येकाचे बूट तपासायला घेतले. नवांगसर लाहौलचे, पन्नाशीचे, उन्हानं चेहऱ्याचं चामडं झालेलं. हिंदी हळू बोलायचे, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचे नाहीत. त्यांनी आप्पांचा बूट हातात घेतला, फिरवून बघितला, टोक लाकडी बाकाच्या कडेवर टेकवलं आणि टाचेवर तळहातानं जोर दिला. चवड्याशी बूट वाकला. फार नाही, पण वाकला.

मग त्यांनी डोल्माचा बूट घेतला. तसाच दाबला. तो जेमतेम हलला.

"बूट चांगला आहे," ते शिवानीला म्हणाले. "चालण्यासाठी उत्तम. पण हा बी-वन आहे."

समोर बसलेल्या पोरांना त्यांनी मग नीट समजावलं. बुटाचा ताठपणा बी अक्षरानं सांगतात. बी-झिरो म्हणजे साधा चालायचा बूट, वाकतो, त्याखाली क्रॅम्पॉन लावायचेच नाहीत. क्रॅम्पॉन म्हणजे बर्फावर पाय धरून राहावा म्हणून बुटाखाली बांधायचे पोलादी काटे. बी-वन थोडा ताठ. बी-टू बराच ताठ, आणि त्याच्या टाचेमागं तळव्याच्या वरच्या कडेला एक खोल खाच असते. बी-थ्री म्हणजे फळीसारखा, वाकतच नाही, त्याला खाच पुढंही आणि मागंही.

क्रॅम्पॉनचेही तसेच तीन. सी-वन पुढंमागं पट्ट्यांनी आवळायचे, मधली पट्टी लवचीक, त्यांना खाच लागत नाही. सी-टूला पुढं प्लॅस्टिकची खोबण असते, त्यात बुटाचं टोक बसतं, आणि मागं खटका असतो. तो खटका टाचेच्या खाचेत अडकवून वर दाबायचा. सी-थ्रीला मागं खटका असतोच, पण पुढं तारेची कमान असते, ती पुढच्या खाचेत बसवावी लागते.

"ताठ बुटाला हलका क्रॅम्पॉन चालतो," सर म्हणाले. "बी-थ्रीला तिन्ही लागतील. बी-टूला सी-वन आणि सी-टू. पण बी-वनला फक्त सी-वन. उलटं करायचं नाही."

शिवानी म्हणाली, "पण सर, माझ्या बुटालाही मागं खाच आहे."

सरांनी बूट तिच्या हातात दिला. "बोट फिरव."

तिनं टाचेमागून अंगठा फिरवला. रबरात एक रेघ होती खरी. उथळ, गोलसर काठांची. शोभेची म्हणा, नाहीतर साच्यातून आलेली म्हणा.

"आता हिच्या बुटावर फिरव."

डोल्माच्या बुटावर अंगठ्याचं नख आत गेलं आणि वरच्या धारदार काठाला अडलं. फरक सांगायला आणखी कुणाची गरज नव्हती. शिवानीनं तरी पुन्हा एकदा आपल्या बुटावर अंगठा फिरवला, जणू मधल्या वेळात ती खाच खोल झाली असेल.

तिला संस्थेचे साडेपाचचे बूट घालून बघायला सांगितलं. दोन मोजे, आत जास्तीचा तळवा, नाड्या करकचून. सरांनी तिला भिंतीच्या पायाशी टोकानं लाथ मारायला लावली. पाय आत पुढं सरकला, टाच उचलली गेली.

"असं झालं की वर बर्फात पुढचे काटे खाली झुकतात आणि निसटतात," सर म्हणाले. "हे नाही चालणार. तू तुझे बूट आणि सी-वन घे. बर्फावरचं चालणं सगळं होईल. उभ्या भिंतीचं मी बघतो काय करता येतं ते."

त्या दिवशी तिचा घरी फोन लागला. अव्वा बोलत होती आणि मागून आप्पांचा आवाज आला, "बूट ह्यांग अदाव, केळ." घरच्या कानडीत, बूट कसे आहेत विचार.

"लई भारी आहेत म्हणून सांग," शिवानी म्हणाली.

---

वरचा तळ हिमनदीच्या कडेला, दगडगोट्यांच्या ढिगाजवळ. पहिले दिवस चालण्याचे. पावलं फाकवून, तळवा पूर्ण टेकवून, सगळे काटे एकदम बर्फात रुतवून चालायचं. शिवानीचे सी-वन तिच्या बुटावर छान बसले. बूट वाकला तर खालची पट्टीही त्याच्याबरोबर वाकत होती. तिची चाल सगळ्यांत चपळ. घसरलं तर कुऱ्हाडीवर पोट टाकून थांबायचं, आणि क्रॅम्पॉन घातलेले असताना पाय गुडघ्यात वाकवून वर उचलायचे, नाहीतर काटे अडकून माणूस उलटा फेकला जातो, हेही ती पहिल्यांदाच शिकली आणि पुन्हा पुन्हा घोटून घेतलं.

पण मग उभ्या बर्फाचे दिवस जवळ आले. बाकीचे शेजारच्या चढावर पुढच्या दोन काट्यांवर उभं राहायला शिकू लागले, आणि शिवानीला खाली दोर सांभाळायला बसवलं. बसवलं, हाच शब्द. तिला वाटलं आपण पुन्हा लॅबच्या स्टुलावर आलो. ती बसल्या जागी बर्फ उकरायची, उठायची, चार पावलं जायची, सर बघतात म्हणून परत यायची. डोल्मा वरून ओरडून काहीतरी विचारायची आणि शिवानीला ऐकूच जायचं नाही, कारण तिचं लक्ष डोल्माच्या टाचेकडं. खट, खटका बसला. लाथ मारली, काटे रुतले, टाच जागची हलली नाही. इतकं सोपं.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. डोल्मानं आपले क्रॅम्पॉन काढून दगडावर ठेवले आणि ती तळाकडं गेली. शिवानी मागं राहिली. तिनं एक क्रॅम्पॉन उचलला. तिचं आणि डोल्माचं माप एकच, त्यामुळं लांबी बदलायची गरज नव्हती. बुटाचं टोक पुढच्या खोबणीत सरकवलं, खटका त्या उथळ रेघेवर टेकवला आणि वर दाबला. खटकन बसला.

बोटांनी मात्र तिला सांगितलं. खटका जसा जोर लावून बसायला हवा तसा बसला नव्हता. शेवटच्या क्षणी एक मऊ घसर होती. कॅप अशी बसली असती तर तिनं ती विचार न करता काढून टाकली असती. पाय उचलून तिनं क्रॅम्पॉन झटकला. तो राहिला. मग तिनं दुसराही घातला, घोट्याचा पट्टा बांधला आणि स्वतःलाच मोठ्यानं म्हणाली, "राहतोय की."

ती सरावाच्या छोट्या चढावर गेली. खाली सपाट बर्फ होता, फार उंचही नव्हतं. तळवा टेकवून चालत होती तोवर सगळं ठीक. वर चढ उभा झाला तसं तिनं तोंड बर्फाकडं केलं आणि पुढचे काटे मारले. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला तिनं सगळं वजन उजव्या चवड्यावर घेतलं. बूट चवड्याशी वाकला. पोलादी सांगाडा वाकला नाही. टाच सांगाड्यापासून सुटून वर आली आणि खटका त्या रेघेवरून निसटला.

आवाज फार बारीक झाला, पेनाचं टोपण निघावं तसा. मग क्रॅम्पॉन घोट्याच्या पट्ट्यावर लोंबायला लागला आणि नुसतं रबर बर्फावरून सुटलं.

ती पाठीवर पडली आणि घसरू लागली. पुढचं तिनं विचार करून केलं नाही. अंग वळलं, कुऱ्हाड छातीखाली आली, चोच बर्फात घुसली, पाय गुडघ्यात वाकून वर गेले. लोंबणारा क्रॅम्पॉन गरगरला आणि त्याचे काटे डाव्या पोटरीवर बसले. मग सगळं थांबलं. तोंडात बर्फ, कानात स्वतःचा श्वास. खाली सपाटीवर पोचायला थोडंच अंतर उरलं होतं, पण तेवढंही ती बराच वेळ उतरली नाही. कुऱ्हाडीला तशीच धरून पडून राहिली.

नवांगसर धावत आले नाहीत. हळू, काटे रोवत आले. तिच्याशेजारी वाकून त्यांनी आधी लोंबणारा क्रॅम्पॉन सोडवला, मग तिला हाताला धरून खाली उतरवलं. पोटरीवरची जखम खोल नव्हती. विजार आणि वरचं आवरण मात्र फाटलं होतं. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी दोन्ही क्रॅम्पॉन तिच्यासमोर धरले.

"कुणाचे?"

"डोल्माचे. तिला माहीत नाही."

"मी काय सांगितलं होतं, आठवतं?"

"आठवतं."

"मग?"

तिला सांगायला खूप होतं. स्थळ, आप्पा, दोन महिने अव्वाच्या तोंडून चाललेलं बोलणं, पिशवीत घालून पुण्याला नेलेला जुना बूट. आपले बूट कमी ठरले हे तिला सोसवत नव्हतं, हे खरं कारण. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं, राहील."

"वाटलं नाही," सर म्हणाले. "तुझ्या हाताला कळलं असणार. खटका ढिला बसला की कुणाच्याही हाताला कळतं."

ती रडली असती तर बरं झालं असतं असं डोल्मा नंतर म्हणाली, कारण ती उरलेला दिवसभर तंबूभोवती लंगडत फेऱ्याच मारत राहिली.

क्रॅम्पॉन न विचारता घेतल्याबद्दल शिवानीनं डोल्माची माफी मागितली. डोल्मानं ऐकून घेतलं. मग बुटातून पाय काढला आणि बूट शिवानीपुढं सरकवला.

"घाल."

शिवानीनं घातला. पुढं जरा चिमटत होता, पण टाच घट्ट. जमिनीला लाथ मारली, टाच जागेवर. डोल्मानं शिवानीचा बूट घातला आणि चालून बघितलं. "हे तर उबदार आहेत," ती म्हणाली. "मला खाली उभं राहायला हे बरे."

दोघी सरांकडं गेल्या. सरांनी खूप वेळ विचार केला. पोटरी दाबून बघितली, डोल्माच्या बुटात शिवानीची टाच उचलते का ते स्वतः तपासलं. शेवटी म्हणाले, "बदलाबदलीचा वेळ तुमच्या सरावातून जाईल. कुणी तुमच्यासाठी थांबणार नाही. आणि खटका मी स्वतः तपासल्याशिवाय पाय बर्फाला लावायचा नाही."

पुढचे दिवस मग असे गेले. सकाळी शिवानी आप्पांच्या बुटावर सी-वन आवळून हिमनदी ओलांडायची. बर्फाच्या भिंतीखाली पोचल्यावर आधी डोल्मा चढायची. ती उतरेपर्यंत शिवानीच्या नाड्या सोडून झालेल्या असायच्या. चटईवर दोघी समोरासमोर बसून बूट बदलायच्या, मोज्यांतून वाफ निघायची, बोटं आखडायची, आणि बाकीची पोरं हसायची. खोबण, खटका, पट्टा. शिवानी पाय उचलून झटकायची, बोटानं खटक्याची कड चाचपायची आणि मगच सरांना हाक मारायची. वरून दोर लावलेला असायचा. भिंतीवर टाच किंचित खाली ठेवून दोन काट्यांवर उभी राहिली तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की तळवा ताठ असणं म्हणजे काय. पायाखाली फळी असल्यासारखं. पोटरी ठणकायची, पण पाय हलायचा नाही. तिथं तिला हलायचंही नव्हतं. आयुष्यात कधी नाही इतकी ती त्या भिंतीवर स्थिर उभी राहिली, आणि उतरली की पुन्हा इकडून तिकडं येरझाऱ्या सुरू.

परीक्षेत दोघी त्याच जोडावर भिंत चढल्या. डोल्माला वरची श्रेणी मिळाली. शिवानीला तिच्याखालची. चढण्यात कमी नव्हतं, सरांनी सांगितलं, पण सांगितलेलं मोडलं त्याची किंमत लावली होती. त्या श्रेणीवर पुढच्या कोर्सला जाता येत नाही. पहिलाच पुन्हा करावा लागतो.

---

सोलापूरला ती उतरली तेव्हा आप्पा स्टेशनवर आले होते. सॅक त्यांनी घेतली. घरी आल्यावर त्यांनी बूट बाहेर काढले, उलटे करून तळवे बघितले, घासलेल्या जागा अंगठ्यानं चाचपल्या. टाचेजवळ खटक्यानं रबरावर ओरखडा काढला होता.

"हे कशानं?" त्यांनी विचारलं. अव्वाला नव्हे, तिला.

शिवानीनं सांगून टाकलं. बूट कुठं चालले, कुठं नाही चालले, ती कशी पडली, पोटरी दाखवली. श्रेणीचंही सांगितलं. सुंदरम्मा मध्येच "शिवशिवा" म्हणाली आणि ताटं करायला आत गेली.

आप्पांचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं राग आला. "त्या दुकानदाराला मी फोन लावतो. बिनघोर म्हणाला होता."

"त्याची चूक नाही, आप्पा. तुम्ही बर्फात चालतील का विचारलं. बर्फात चालतातच. मीच तुम्हाला सांगायला पाहिजे होतं काय लागतं ते."

"मग का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलत होता का?"

आप्पांनी बूट उचलला, त्याचं टोक ओट्याच्या कडेला टेकवलं आणि ती सांगत होती तसं टाचेवर दाबून बघितलं. एकदा, दोनदा. मग दुसरा बूट घेतला.

"वाकतो," ते म्हणाले.

"वाकतो."

"मऊ सूत वाटलं म्हणून चांगलं समजायचं नसतं, हे मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. आतून अव्वानं भाकरी गार होतेय म्हणून हाक मारली, तरी दोघं ओट्यापाशीच उभे होते.

ते बूट शिवानीनं टाकले नाहीत. पावसाळ्यानंतर सह्याद्रीत ते घालून ती फिरली आणि तिथं त्यांच्याबद्दल एक शब्द वावगा निघाला नाही. इंद्रजीतसरांच्या ग्रुपातून पुढच्या वर्षी दोन मुलं कोर्सला निघाली तेव्हा तिनं त्यांना आधीच सांगून ठेवलं की संस्थेत बूट मिळत असतील तर नाक वर करून नाही म्हणू नका.

तिनं स्वतःही पुन्हा अर्ज टाकला. अव्वा म्हणाली, एकदा शिकलेलं परत काय शिकायचं असतं. स्थळांचं बोलणं चालूच होतं. एक लातूरकडचं आलं होतं, मुलगा म्हणे कोर्स संपेपर्यंत थांबायला तयार होता, पण शिवानीला अजून काही ठरवता येत नव्हतं, आणि यावेळी आप्पांनी घाई केली नाही.

संस्थेत चार नंबरचा जोड एकच होता, म्हणून मार्चमध्ये बापलेक नवे बूट घ्यायला पुण्याला गेले. यावेळी शिवानीनं इंद्रजीतसरांच्या ओळखीतून सी-टू क्रॅम्पॉनचा एक जोड उसना आणला होता, जुन्या टॉवेलात गुंडाळून, काटे बाहेर येऊ नयेत म्हणून वर सुतळी. दुपारची वेळ मुद्दाम साधली होती, चालून पाऊल थोडं फुगलेलं असावं म्हणून. दुकानदारानं चार-पाच जोड पुढं मांडले. आप्पा स्टुलावर बसले, एकेक बूट उचलून टोक टेकवून दाबू लागले, आणि वाकला की न बोलता बाजूला ठेवू लागले. दुकानदार त्यांच्याकडं जरा घाबरून बघत होता.

शेवटी दोन जोड उरले. शिवानीनं पहिल्याच्या टाचेमागून नख फिरवलं. अडलं. टॉवेल सोडून क्रॅम्पॉन काढला, खोबणीत टोक घातलं, मागचा खटका जरा सैल होता तो एक घर आवळला आणि वर दाबला. यावेळी अंगठ्याला जोर लावावा लागला. पट्टा न बांधताच तिनं बूट हवेत धरून जोरानं झटकला, पुन्हा झटकला.

"पाय घालून बघ," आप्पा म्हणाले. "चालून बघ."

ती उठली आणि क्रॅम्पॉन काढून, नवे बूट घालून दुकानाच्या दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. ताठ तळव्यामुळं चाल लाकडी झाली होती, टाच मात्र आत कुठं हलत नव्हती. पण पुढं करंगळीजवळ काहीतरी दाबत होतं. तिनं दुसरा जोड मागितला. मग पुन्हा पहिला. दुकानदार घड्याळाकडं बघू लागला.

आप्पांनी स्टूल भिंतीकडं सरकवलं, पाठ टेकवली आणि त्याला म्हणाले, "बघू द्या हो तिला सावकाश. आम्हाला घाई न्हाय."

शिवानी तोवर दाराबाहेर पोचली होती.